पंच्याऐंशी दिवस की पंचवीस?

मुलाखतीला आलेल्या माणसासमोर मी एक कागद ठेवतो आणि दहा मिनिटं गप्प बसतो. गेली काही वर्षं पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ‘कस्टमर सक्सेस मॅनेजर’ या पदासाठी माणसं निवडण्याचं काम माझ्याकडे आहे. काही कंपन्यांत याच माणसाला अकाउंट मॅनेजर म्हणतात. नाव कुठलंही असो, काम एकच: विकून झालेला ग्राहक टिकवायचा. कागदावरचं प्रकरण तीन-चार खऱ्या प्रकरणांचे तुकडे जोडून मी तयार केलं आहे. त्यात काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

सांगलीजवळची मसाल्याची एक कंपनी. तिचे विक्रेते गावोगावच्या किराणा दुकानांत जाऊन ऑर्डर घेतात. पूर्वी ऑर्डर वहीत लिहायचे, आता आमच्या ऍपवर घेतात. २०० विक्रेत्यांची २०० लायसन्स, दर लायसन्सला महिना ५०० रुपये, म्हणजे वर्षाला १२ लाख. करार ३१ मार्चला संपतो. आज ५ जानेवारी, सोमवार. रात्री पावणेदहाला त्या कंपनीच्या मालकांनी थेट आमच्या डायरेक्टरांना मेल केली आहे: ‘तुमच्या ऍपमुळे आमचे दुकानदार तुटायला लागले. तीन वेळा तक्रार केली. आता पुढच्या वर्षाचं बघायला नको.’ डायरेक्टरांनी ती मेल फक्त एक प्रश्नचिन्ह जोडून तुमच्याकडे पाठवली आहे. खाली ऍपच्या वापराचे आकडे, तीन तक्रारींची नोंद आणि कराराची दोन पानं जोडली आहेत.

प्रश्न एवढाच: काय कराल?

आधी हे पद आलं कुठून

वीसेक वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर विकणं हे पिठाची गिरणी विकण्यासारखं होतं. मोठी रक्कम एकदाच यायची, पुढे दरवर्षी देखभालीचा थोडा पैसा. ग्राहकाने ते वापरलं काय, धूळ खात ठेवलं काय, विकणाऱ्याचे पैसे खिशात आलेले असायचे. नंतर सॉफ्टवेअर इंटरनेटवरून भाड्याने मिळू लागलं आणि हिशेब उलटला. भाडेकरू कधीही सामान उचलू शकतो.

या बदलाचा फटका ज्यांना आधी कळला त्यांत अमेरिकेतली सेल्सफोर्स ही कंपनी होती. २००५ साली डेव्हिड डेम्प्सी या त्यांच्या अधिकाऱ्याने वरिष्ठांच्या बैठकीत दाखवून दिलं की दर महिन्याला सुमारे ८ टक्के ग्राहक सोडून जात आहेत. आठ टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण दरमहा शंभरातले आठ, मग उरलेल्यांतले आठ टक्के, असं बारा महिने चाललं तर वर्षाअखेर शंभरातले जेमतेम ३७ राहतात. नवीन ग्राहक आणणारे विक्री विभागाचे लोक भोक पडलेल्या हौदात पाणी ओतत होते. या गळतीला धंद्यात ‘चर्न’ म्हणतात. ती थांबवायला जी माणसं नेमली गेली, त्यांच्या पदाला पुढे कस्टमर सक्सेस हे नाव रुळलं.

म्हणून या मुलाखतीत मी गोड बोलणं तपासत नाही. पाणी नेमकं कुठून गळतंय ते याला सापडेल का, एवढंच बघतो.

पहिली दोन उत्तरं, दोन्ही चुकीची

कागद वाचून झाल्यावर जवळजवळ निम्मे उमेदवार सवलतीवर येतात. ‘सर, मालक नाराज आहेत, तर वीस टक्के डिस्काउंट देऊन रिन्यूअल करून घेऊ.’ मी हिशेब करायला लावतो. बारा लाखांवर वीस टक्के म्हणजे २ लाख ४० हजार. ते दिल्यावर काय बदललं? ज्या विक्रेत्यांनी ऍप बंद केलंय ते पुन्हा उघडतील का? मालकांच्या मेलमध्ये महाग हा शब्दच नाही. किमतीबद्दल न बोलणाऱ्या माणसाला तुम्ही किंमत कमी करून दिलीत, तर त्याला दोन गोष्टी कळतात. एक, तुम्ही त्याची मेल नीट वाचलेली नाही. दोन, आजवर तो जास्त पैसे देत होता. शिवाय पुढच्या वर्षी बोलणी बारा लाखांवरून सुरू होणार नाहीत, नऊ लाख साठ हजारांवरून होतील.

दुसरं उत्तर जरा हुशार माणसांकडून येतं. ते कराराची पानं वाचतात. तिथे एक कलम आहे: करार सोडायचा असेल तर मुदत संपायच्या साठ दिवस आधी लेखी कळवावं, नाहीतर तो आपोआप एक वर्षाने वाढेल. एक मुलगा डोळे बारीक करून मला म्हणाला होता, ‘सर, साठ दिवस आधी म्हणजे ३० जानेवारी. मालकांनी मेलमध्ये नुसता राग काढलाय, नोटीस दिलेली नाही. पंचवीस दिवस गोड बोलून काढू. ३१ तारखेला ते अडकले.’

कलम त्याने बरोबर वाचलं होतं, पण उत्तर घातक होतं. असा अडकवलेला ग्राहक एप्रिलचं बिल भरत नाही. मेमध्ये हिशेब विभाग फोन करतो, जूनमध्ये वकिलाची नोटीस. बारा लाखांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? वर्षभर भांडून तो जातोच, आणि मसाल्याच्या धंद्यातल्या दहा जणांना सांगून जातो.

तरी या मुलाने जे पाहिलं ते सवलतवाल्यांनी पाहिलं नव्हतं. कागदावर ३१ मार्च दिसतो, म्हणजे पंच्याऐंशी दिवस. ग्राहकाचा निर्णय मात्र ३० जानेवारीला होणार, म्हणजे पंचवीस. रिन्यूअल हुकलेल्या बहुतेक प्रकरणांत माणूस चुकीच्या तारखेकडे बघत बसलेला असतो.

मागे एक मुलगी आली होती. आधी एका बँकेच्या कॉल सेंटरमध्ये तक्रारी घ्यायची. तिने हेच कलम वाचलं आणि म्हणाली, ‘ही तारीख मी त्यांना स्वतःहून सांगेन. आणि माझ्या वरिष्ठांची परवानगी मिळाली तर ती २८ फेब्रुवारीपर्यंत वाढवून देईन, लेखी.’ का, असं विचारल्यावर तिचं उत्तर सरळ होतं. ‘आज ते रागात आहेत. तीस तारखेच्या आत त्यांना ठरवावं लागलं तर ते सोडायचंच ठरवतील. मला दुरुस्ती करून दाखवायला महिना हवाय. त्यांनाही सोडण्याचा हक्क गमवायचा नाही. तारीख पुढे गेली तर दोघांचं काम होतं.’

इथून पुढचं बरंचसं तिच्या मुलाखतीवरून सांगतो, कारण माझ्या कागदातल्या सगळ्या खाचाखोचा तिने एकामागून एक शोधल्या.

रात्रीची मेल

मेल मालकांनी थेट आमच्या डायरेक्टरांना केली, खालच्या सगळ्यांना ओलांडून. याला एस्कलेशन म्हणतात. अशा वेळी पहिली चूक बहुधा गडबडीत होते. कोणी लगेच खुलासा लिहितं, ‘तुमच्या तिन्ही तक्रारींना आम्ही चार तासांच्या आत उत्तर दिलं होतं.’ कोणी डायरेक्टरांना खूश करायला कबूल करून टाकतं, ‘उद्या संध्याकाळपर्यंत दुरुस्त करतो.’ पहिल्याने भांडण वाढतं. दुसऱ्याने एक दिवस शांतता मिळते आणि परवा दुप्पट राग.

मी तिला मेल लिहायला सांगितली. तिने लिहिलं:

‘साहेब, आपली मेल वाचली. नेमकं काय बिघडलं आहे हे मला या क्षणी माहीत नाही, म्हणून अंदाज सांगत नाही. उद्या सकाळी अकरा वाजता मी आपल्याला फोन करते. तोपर्यंत आपल्या तिन्ही तक्रारी आणि विक्रेत्यांचा वापर मी स्वतः तपासून ठेवते. हा विषय मिटेपर्यंत आपण माझ्याशीच बोलावं, माझा नंबर खाली आहे.’

यात माफी नाही, हे मी दाखवून दिलं. ती म्हणाली, ‘कशाची मागायची ते उद्या कळेल, सर. आत्ता मागितली तर ती नुसती रीत होईल.’ मला हे पटलं. या मेलमध्ये तीन गोष्टी आहेत: पुढचं बोलणं कधी होईल, तोवर काय केलं जाईल आणि जबाबदार माणूस कोण. रागावलेल्या ग्राहकाला त्या रात्री एवढंच लागतं. पुढे रोज ठरलेल्या वेळी दोन ओळी पाठवायच्या, सांगण्यासारखं काही नसलं तरी. ‘आज प्रगती नाही, उद्या पाचला पुन्हा कळवते’ एवढीसुद्धा चालते. ग्राहक स्वतः फोन करून ‘काय झालं?’ विचारू लागला की समजावं, आपण एक ओळ चुकवली.

हिरवं कलिंगड

आता तीन तक्रारींकडे येऊ. कागदावरची नोंद अशी आहे: नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये मसाला कंपनीच्या संगणक विभागाने तीनदा लिहिलं, ‘स्कीम बरोबर लागत नाही.’ आमच्या सपोर्ट विभागाने दर वेळी चार तासांच्या आत उत्तर दिलं, ‘ऍप ठरवलेल्या रचनेप्रमाणेच चालत आहे’, आणि तक्रार बंद केली. करारात चार तासांत उत्तर देण्याची अट आहे. म्हणजे आमच्या अहवालात हा ग्राहक पूर्ण हिरवा.

या धंद्यात अशा अहवालाला कलिंगड म्हणतात. बाहेरून हिरवा, आतून लाल. अट उत्तराच्या वेळेची होती, ती पाळली गेली. दुकानदाराचं काम झालं का, हे कुणी मोजलंच नव्हतं.

आतला लाल रंग वापराच्या आकड्यांत दिसतो. दिवाळीआधी आठवड्यातून एकदा तरी ऍप उघडणारे विक्रेते १७० होते, आता ७४ आहेत. पुष्कळ उमेदवार इथे थांबतात आणि ‘सगळ्यांना पुन्हा ट्रेनिंग देऊ’ म्हणतात. तिने विचारलं, ‘हा आकडा भागवार मिळेल का?’ विचारणाऱ्यालाच दाखवायचा एक दुसरा कागद माझ्याकडे असतो. तो तिला दिला. सोलापूर आणि मराठवाडा या दोन विभागांत मिळून १०४ लायसन्स. तिथे ९७ जण वापरत होते, आता तीन. बाकी सगळीकडे ७३ होते, ते ७१ झालेत.

म्हणजे बाकीचे नाराज नव्हतेच. दोन विभागांत काहीतरी एका दिवसात मोडलं होतं. माणसं कंटाळून सोडतात तेव्हा आकडा हळूहळू उतरतो. असा कडेलोट होतो तेव्हा कारण बहुधा एकच असतं आणि त्याला तारीख असते.

इथे ती नोव्हेंबरमधल्या ऍपच्या नव्या आवृत्तीची निघते. या दोन विभागांत मसाला कंपनीची मिश्र स्कीम चालते: कुठल्याही दहा पेट्या घ्या, एक मोफत. दुकानदार सहा पेट्या मिरची पूड आणि चार पेट्या हळद घेतो, दहा होतात, अकरावी फुकट. नव्या आवृत्तीने प्रत्येक माल वेगळा मोजायला सुरुवात केली. मिरची सहा, हळद चार, दोन्हींत दहा नाहीत, म्हणून मोफत पेटी शून्य. बाकी विभागांत स्कीम एकाच मालावर असते, तिथे काहीच बिघडलं नाही. सपोर्टच्या माणसाने एकाच मालाच्या दहा पेट्या टाकून पाहिल्या, स्कीम लागली, म्हणून त्याने रचनेप्रमाणे चालतंय असं लिहिलं. तो खोटं बोलला नव्हता. त्याने चुकीची ऑर्डर टाकून पाहिली होती.

बार्शीच्या एखाद्या दुकानात काय होत असेल ते बघा. दुकानदार विचारतो, ‘माझी पेटी कुठाय?’ विक्रेत्याकडे उत्तर नाही. दोन-तीन वेळा अपमान झाल्यावर तो वही काढतो, ऑर्डर लिहितो आणि वितरकाला व्हॉट्सऍपवर फोटो पाठवतो. ऍप त्याने रागाने सोडलं नाही. रोज ज्या माणसासमोर उभं राहायचं, त्याच्यासमोर ते त्याला खोटं पाडत होतं.

आतली भांडणं

कारण कळलं तरी ते दुरुस्त करणारे लोक वेगळे. इंजिनिअरांकडे कामांची रांग लागलेली असते, आणि प्रत्येक अकाउंट मॅनेजर माझाच ग्राहक आधी म्हणून उभा असतो. ‘मालक फार चिडलेत’ हे वाक्य तिथे कुणी ऐकत नाही, कारण सगळ्यांचेच मालक चिडलेले असतात. ऐकलं जातं ते असं: सहा मिरची अधिक चार हळद, जुन्या आवृत्तीत मोफत एक, नव्या आवृत्तीत शून्य, हे स्वतः करून बघा. १०४ लोक थांबलेत. निर्णयाची तारीख अमुक. बारा लाख.

ही चार वाक्यं लिहिता येतात का, हे मी बघतो. बिघाड दुसऱ्याला जसाच्या तसा करून दाखवता आला की अर्धं काम होतं. मग दोन प्रश्न विचारायचे. पक्की दुरुस्ती कधी होईल? आणि तोवर तात्पुरता मार्ग आहे का? इथे तात्पुरता मार्ग आहे: मिरची-हळदीच्या ठरलेल्या जोड्यांना ऍपमध्ये एकच कोड द्यायचा. गैरसोयीचं आहे, पण उद्यापासून दुकानदाराला पेटी मिळते. पक्क्या दुरुस्तीची तारीख इंजिनिअरांच्या प्रमुखाच्या तोंडून आल्याशिवाय ग्राहकाला सांगायची नाही. तो दहा दिवस म्हणाला तर ग्राहकाला दोन आठवडे सांगावेत.

या सगळ्यात ग्राहकासमोर ‘आमच्या सपोर्टवाल्यांची चूक झाली’ म्हणणारा उमेदवार मी घेत नाही. ग्राहकाच्या लेखी सपोर्ट, इंजिनिअर आणि तुम्ही एकच कंपनी आहात. सून-सासूचं भांडण पाहुण्यांसमोर काढू नये, तसंच हे.

दुरुस्तीनंतर

समजा दोन आठवड्यांत दुरुस्ती झाली. नवशिक्या माणसाला वाटतं, प्रकरण मिटलं. वापराचा आकडा मात्र जागचा हलत नाही. सोलापूरच्या विक्रेत्याला दुरुस्तीची मेल आलेलीच नसते, आणि आली तरी तो विश्वास का ठेवेल? वही त्याला फसवत नाही.

माझी उमेदवार म्हणाली, ‘मी बार्शीला जाईन. एका विक्रेत्याबरोबर दिवसभर त्याच्या लाइनवर फिरेन. त्याच्यासमोर, दुकानदाराच्या काउंटरवर, सहा-चारची ऑर्डर टाकू आणि अकरावी पेटी लागलेली दाखवू.’ आधी दहा विक्रेते, एक आठवडा, मग सगळे. ठीक होतं. मी विचारलं, ‘आणि नोव्हेंबरपासून ज्या पेट्या दुकानदारांना मिळाल्या नाहीत त्यांचं?’

ती थोडी थांबली. मग म्हणाली, ‘ऍपवर आलेल्या ऑर्डरी तर आपल्याकडेच आहेत ना?’

हेच ऐकायचं होतं. बिघाड झाल्यापासून विक्रेत्यांनी ऍप सोडेपर्यंतच्या सगळ्या ऑर्डरी आमच्याच सर्व्हरवर पडून आहेत. त्यांवर जुना हिशेब पुन्हा चालवला की दुकानवार यादी निघते: कोणाच्या किती पेट्या राहिल्या. पेट्या मसाला कंपनी देणार, पण यादी दुसरं कुणी देऊ शकत नाही. ती घेऊन विक्रेता दुकानात जातो तेव्हा, ज्या ऍपने त्याला खोटं पाडलं, तेच त्याला खरं करतं. वीस टक्के सवलतीपेक्षा मालकांना या यादीचा उपयोग जास्त.

पैशांचं काय? इथे सवलत आणि भरपाई यांतला फरक कळायला हवा. सवलत पुढच्या किमतीवर असते, तिला कारण नसतं, आणि ती दरवर्षी मागितली जाते. भरपाई मागच्या नुकसानीची असते आणि एकदाच दिली जाते. १०४ लायसन्स, ५०० रुपये, दोन महिने: १ लाख ४ हजार. ‘हे दोन महिने तुम्हाला सेवा मिळाली नाही, त्याचे पैसे आम्ही घेत नाही’ असं लिहून तेवढी रक्कम पुढच्या बिलातून वजा करायची. किंमत बारा लाखच राहते, खर्च सवलतीच्या निम्म्याहून कमी, आणि मालकांना आपण चूक मान्य केल्याचं दिसतं. रात्रीच्या मेलमध्ये नसलेली माफी आता मागायची, कारण आता ती कशाची हे सांगता येतं.

चूक नीट निस्तरली तर ग्राहक आधीपेक्षा जास्त खूश होतो, असं काही जण मुलाखतीत सांगतात. मार्केटिंगच्या अभ्यासकांनी १९९२ साली ही कल्पना मांडली आणि तिला ‘सर्व्हिस रिकव्हरी पॅरॉडॉक्स’ असं नाव पडलं. पण तिच्यावर विसंबू नये. पुढच्या अभ्यासांत ती नेहमी दिसलेली नाही, आणि तोच बिघाड दुसऱ्यांदा झाला तर पहिल्या वेळचं कौतुक उलटतं. म्हणून दुरुस्तीच्या वेळीच मिश्र स्कीमची ती ऑर्डर आमच्या तपासणीच्या यादीत कायमची घालून घ्यायची. पुढची आवृत्ती बाहेर पडायच्या आधी सहा मिरची, चार हळद टाकून बघितलीच पाहिजे.

टेबलापलीकडचा माणूस

कागदावर एक ओळ अशी आहे की ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ज्यांनी हे ऍप घेतलं ते मसाला कंपनीचे सेल्स हेड सप्टेंबरमध्ये नोकरी सोडून गेले. नवे आलेत, आणि ते आधीच्या कंपनीत दुसऱ्याच कंपनीचं ऍप वापरत होते.

ग्राहकाच्या कंपनीत आपली बाजू लावून धरणाऱ्या माणसाला आम्ही ‘चॅम्पियन’ म्हणतो. तो गेला की करार तसाच राहतो, पण त्याच्या मागचं माणूस गेलेलं असतं. नोव्हेंबरचा बिघाड जुन्या साहेबांच्या काळात झाला असता तर त्यांनी तक्रार नोंदवत न बसता सरळ फोन केला असता. नव्या साहेबांकडे आमचा नंबरच नव्हता, कारण सप्टेंबर ते जानेवारी आमच्याकडून त्यांना कुणी भेटलं नव्हतं. चार महिने. बिघाड इंजिनिअरांचा होता, पण हे चार महिने थेट अकाउंट मॅनेजरचे आहेत.

इथे मी स्वतः नवे साहेब होतो आणि उमेदवाराला समोर बसवतो. ‘हे बघा मॅडम, माझ्या आधीच्या कंपनीत जे ऍप होतं ते याच्यापेक्षा फार चांगलं होतं.’ पुष्कळ जण लगेच आपल्या ऍपचे गुण मोजू लागतात. तिने विचारलं, ‘साहेब, तिथे तुम्ही रोज सकाळी आल्या आल्या पहिल्यांदा काय बघायचात?’

मी म्हणालो, ‘काल कुठल्या विक्रेत्याने कुठली दुकानं चुकवली ते.’

‘ते आमच्याकडे निघतं. रोज सकाळी आठला तुमच्या फोनवर पाठवू का? पंधरा दिवस बघा, मग सांगा.’

तिने स्पर्धकाला नावं ठेवली नाहीत, आमची स्तुतीही केली नाही. नव्या माणसाला त्याची रोजची गरज भागते एवढं दाखवलं. जुन्या साहेबांनी ऍप निवडलं होतं. नव्यांना त्यात निवडण्यासारखं काही स्वतःचं सापडलं, तरच २८ फेब्रुवारीच्या बैठकीत ते मालकांसमोर आपल्या बाजूने बोलतील.

त्या बैठकीआधी एक मोजमाप दोन्ही बाजूंनी ठरवून घ्यायचं, असंही ती म्हणाली. २० फेब्रुवारीपर्यंत त्या दोन विभागांतल्या १०४ पैकी निदान ६० जण आठवड्यातून तीनदा ऑर्डर टाकू लागले, तर दुरुस्ती झाली असं धरायचं. नाही झाले, तर त्यांनी खुशाल सोडावं. मी विचारलं, ‘आणि ४५च झाले तर?’ ती म्हणाली, ‘मग मी बाकीच्या विभागांपुरता करार करा म्हणेन. ९६ लायसन्स. तिथे लोक वापरतात.’

वर्षाला ५ लाख ७६ हजार. निम्म्याहून कमी. हे यश म्हणायचं का? इथे मी आकड्यांची एक परीक्षा घेतो. समजा वर्षाच्या सुरुवातीला तुमच्या ग्राहकांकडून मिळून शंभर रुपये येत होते. बारा रुपयांचे ग्राहक गेले, काहींनी तीन रुपयांची कपात केली, आणि उरलेल्यांपैकी काहींनी दहा रुपयांचं नवं घेतलं. बायोडेटात लोक ९५ टक्के लिहितात. पण नव्या खरेदीचे दहा बाजूला काढले तर टिकले ८५. पहिल्या आकड्याला निव्वळ आणि दुसऱ्याला ढोबळ टिकाव म्हणता येईल, आणि गळती फक्त दुसऱ्यात दिसते. ‘तुमचा रिन्यूअलचा आकडा यातला कुठला?’ असं विचारल्यावर ज्याला लगेच सांगता येतं, त्याने ते काम खरंच केलेलं असतं.

शेवटचा प्रश्न

शेवटी मी गोष्ट बिघडवतो. ‘समजा हे सगळं नीट केलंत आणि तरीही ते गेले. २८ फेब्रुवारीला नोटीस आली. मग?’

इथे माणसं खांदे पाडतात, किंवा आणखी एक सवलत काढतात. तिने वहीत काही लिहिलं आणि म्हणाली, ‘त्यांचा सगळा डेटा त्यांना उघडता येईल अशा स्वरूपात देईन, ३१ मार्चच्या आधी, मागायची वाट न बघता. दुकानांची यादी, ऑर्डरी, राहिलेल्या पेट्यांची यादी. नव्या ऍपवर जायला त्यांना अडचण येऊ नये.’

‘आपल्याला काय मिळालं त्यातून?’

तिने माझाच कागद उलटा करून माझ्यासमोर सरकवला आणि सप्टेंबरच्या ओळीवर बोट ठेवलं.

‘सर, हे नवे साहेब येताना आधीच्या कंपनीतलं ऍप डोक्यात घेऊन आले. म्हणजे माणसं नोकरी बदलताना ऍप बरोबर नेतात. मग आपले जुने साहेब सप्टेंबरमध्ये कुठे गेले, ते कुणी विचारलं का?’

हा कागद मी स्वतः लिहिला होता, आणि ते उत्तर मी त्यात कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं.